वही देण्याआधी पाच मिनिटं

मैत्रिणींनो, माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने ‘१८५७ चा उठाव का फसला?’ या प्रश्नाला दोन पानं भरून उठाव का झाला तेच लिहिलं! म्हणून आता वही देण्याआधी प्रश्नातल्या ‘का फसला’खाली रेघ मारायची, आणि प्रत्येक परिच्छेदाला विचारायचं, ‘मग त्यामुळे उठाव कसा फसला?’ तिने पुन्हा लिहिलं, ‘इंग्रजांकडे तारायंत्र होतं.’ बरं, मग? ‘त्यामुळे दिल्लीची बातमी लगेच लाहोरला पोचली आणि तिथल्या शिपायांची हत्यारं आधीच काढून घेता आली,’ एवढं जोडल्यावर ते कारण झालं. काडतुसांचा परिच्छेद मात्र या प्रश्नात बसत नाही. तो खोडताना पोरीचा जीव तुटतो! सनावळ्या अगदी शेवटी तपासायच्या.