सर्व्हर स्लो, म्हणजे नेमकं काय स्लो?

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपच्या ऑफिसात 'सर्व्हर स्लो झालाय' अशी ओरड झाली की पहिला फोन जातो इंटरनेटवाल्याला. तो बिचारा काय करणार? ड्रॉइंगची फाइल शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवरून स्विचमार्गे येते, इंटरनेटच्या लाइनशी तिचा संबंधच नसतो. प्लॅन वाढवून बिल तेवढं वाढतं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: एसएसडी टाकली की प्रश्न मिटला. समजा, डिझाइन सेक्शनच्या एका पीसीवर 2 जीबीची फाइल कॉपी व्हायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 11 एमबी. केबल ओढणाऱ्या कोणालाही हा आकडा ओळखू येईल, कारण 100 एमबीपीएसच्या लिंकवर यापेक्षा फारसं काही मिळतच नाही. गिगाबिटवर तीच फाइल वीसेक सेकंदांत येते. साधी, धड असलेली हार्ड डिस्कही मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला 100 एमबीच्या पुढे जाते. मग आधी त्या पीसीवर पॉवरशेलमध्ये हे बघा:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

100 Mbps दिसलं तर केबल, कनेक्टर आणि स्विचचा पोर्ट तपासा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात. एक जोडी तुटली की लिंक गुपचूप 100 वर उतरू शकते आणि कनेक्शन चालूच दिसतं. हीच कमांड सर्व्हरवरही चालवा. तिथे 100 निघालं, तर अख्खं ऑफिस त्या 11 एमबीत वाटेकरी आहे.

आता दुसरी स्थिती. लिंक सगळीकडे 1 Gbps आहे, पण सकाळी अकराला सगळ्यांचेच पीसी अडकतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू आठ टक्के, म्हणून 'सर्व्हर ठणठणीत' असा निकाल दिला जातो. सीपीयू मोकळा असण्याचं कारण तो डिस्कची वाट बघत बसलाय, हेही असू शकतं. सर्व्हरवर `resmon` उघडून Disk टॅबमधला Response Time बघा. साध्या हार्ड डिस्कला दहा-वीस मिलिसेकंद ठीक. आकडा शंभराच्या वर टिकून राहिला तर दोष स्टोरेजकडे. डिस्कवर कोणती प्रोसेस तुटून पडलीय तेही तिथेच दिसतं. बऱ्याचदा ते कामाच्या वेळेत लावलेलं बॅकअप किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन असतं. ते रात्री ढकला. तसं काहीच चालू नसताना आकडा चढत असेल, तर डिस्क खराब होत असेल किंवा रेडमधली एखादी बाद झाली असेल. तेव्हा खर्च करा.

लिंक पूर्ण, डिस्क निवांत आणि तरीही सगळे अडकतात? मग सर्व्हरची रॅम आणि सीपीयू बघायची पाळी.

चाचणीत एक फसगत हमखास होते. तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी केली तर ती सर्व्हरच्या रॅममधून येते आणि डिस्क उगाच निर्दोष ठरते. दर वेळी वेगळी फाइल घ्या.

आणि व्हेंडरला फोन करण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: एकच पीसी स्लो की सगळे, किती वाजता, आणि सेकंदाला किती एमबी.