गप्पांची संहिता

दोन खुर्च्या, दोन माइक, मधे चहाचे कप आणि तास-दीड तास चाललेल्या मोकळ्या गप्पा. यूट्यूबवरचे असे पॉडकास्ट बघताना वाटतं, यात लिहायचं काय असतं? माणसं बसली आणि बोलली. पण ज्या गप्पा शेवटपर्यंत ऐकवतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा कागदावरची तयारी असते. मात्र ही संहिता नाटकासारखी नसते. तिच्यात उत्तरं नसतात. कोणता प्रश्न कुठे यायचा, कुठे थांबून खोदायचं आणि चेहऱ्यावरून कॅमेरा कधी हलवायचा, एवढंच तिच्यात असतं.

एक काल्पनिक भाग घेऊ. पाहुणे आहेत येवल्याचे एक वयस्क पैठणी विणकर. भाग चाळीस मिनिटांचा, चित्रीकरण त्यांच्याच घरी.

तयारी फोनवर सुरू होते आणि पहिली चूकही तिथेच होते. उत्साहाच्या भरात मुलाखतकार सगळे किस्से फोनवरच ऐकून घेतो. मग कॅमेऱ्यासमोर काका म्हणतात, "ते मी तुम्हाला मागे सांगितलंच की." सांगून झालेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा उरकून टाकतो. म्हणून फोनवर माहिती विचारायची: माग किती, घरात विणतं कोण, साडीला किती दिवस लागतात. किस्सा सुरू झालाच तर हसून म्हणायचं, "हे तिथे आल्यावर ऐकतो, काका."

चाळीस मिनिटांना दहा-बारा मुख्य प्रश्न पुरतात. पंचवीस लिहिले तर मुलाखतकार प्रश्न संपवण्याच्या मागे लागतो. पहिला प्रश्न विचार न करता उत्तर देता येईल असा हवा. "तुमच्या प्रवासाविषयी सांगा" असं म्हटलं की पाहुणा सत्काराच्या भाषणात शिरतो. त्याऐवजी "आज सकाळी मागावर बसलात का? काय विणताय सध्या?" असं विचारलं तर काकांचं लक्ष कॅमेऱ्यावरून कामावर जातं. त्यानंतर कसबाचे प्रश्न: पदरावरचा मोर कसा उतरतो, प्रत्येक रंगाच्या धाग्यासाठी वेगळी तिल्ली का लागते, हातमागावरची पैठणी उलट बाजूनेही सारखीच का दिसते. पैशाचा अवघड प्रश्न साधारण दोन तृतीयांश वेळ सरल्यावर ठेवायचा: यंत्रमागावरची नक्कल स्वस्तात मिळत असताना तुमच्या हातात काय पडतं? सुरुवातीलाच विचारला तर माणूस मिटतो. अगदी शेवटी विचारला तर उत्तरातून निघणाऱ्या पुढच्या प्रश्नांना वेळ उरत नाही.

आणि मुलाखतीचा जीव त्या पुढच्या प्रश्नांतच असतो, ज्यांना या धंद्यात 'फॉलो-अप' म्हणतात. ते शब्दशः लिहून नेता येत नाहीत, पण कोणत्या उत्तरावर थांबायचं ते आधी ठरवता येतं. पाहुणा ठोकळेबाज वाक्य बोलला, की तिथे थांबायचं.

"पूर्वीसारखं काम राहिलं नाही आता," काका म्हणतात.

इथे मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेलं, की हातातली गोष्ट निसटली. त्याऐवजी असं होऊ शकतं:

"पूर्वी म्हणजे कधी, काका?"

"थोरलीच्या लग्नाच्या वेळेला."

"तेव्हा घरात माग किती होते?"

"तीन. आता एकच चालतो."

"मग बाकीचे दोन?"

"एक विकला. दुसरा आहे पडवीत. कपडे वाळत घालतो त्यावर."

यातले तिन्ही प्रश्न साधे आहेत. पहिल्याने काळ पकडला, दुसऱ्याने आकडा, तिसऱ्याने वस्तू. 'काम राहिलं नाही' या मोघम वाक्यातून कपड्यांनी झाकलेला माग बाहेर आला. आता इथे काही विचारायचं नाही. दोन-तीन सेकंद गप्प बसायचं. ती शांतता मुलाखतकाराला फार लांब वाटते, पण पुष्कळदा पाहुणा स्वतःहून पुढचं वाक्य बोलतो आणि तेच वाक्य भागात राहतं.

पाहुण्याचं म्हणणं त्याच्यासमोर पुन्हा मांडणं, हा फॉलो-अपचा आणखी एक प्रकार. 1977 मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांनी रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखती घेतल्या. त्यात फ्रॉस्ट यांनी निक्सन यांच्याच बोलण्याचा अर्थ त्यांच्यापुढे ठेवला: देशहितासाठी काही बेकायदा करायचं राष्ट्राध्यक्ष ठरवू शकतो, असंच तुमचं म्हणणं ना? त्यावर राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदा ठरत नाही, अशा अर्थाचं निक्सन यांचं कुप्रसिद्ध उत्तर आलं. फ्रॉस्ट यांनी आवाज चढवला नव्हता; निक्सन काय म्हणाले ते नीट ऐकलं होतं.

आता कॅमेऱ्याकडे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर हात, वस्तू किंवा जागा दाखवणारं दृश्य म्हणजे 'कटअवे'. त्याची कामं दोन. शब्दांना न जमणारं दाखवणं आणि संकलनातला सांधा झाकणं. काकांच्या उत्तरातला मधला भाग कापला तर चित्रात त्यांची मान एकदम उडी मारते. तिथे तिल्ली फिरवणारी बोटं दाखवली की कात्री दिसत नाही. म्हणून संहितेत प्रश्नांशेजारी दुसरा रकाना असतो:

प्रश्न: मोर कसा उतरतो? दृश्य: तिल्ल्या, बोटं, पदराची उलट बाजू.
प्रश्न: दिवसाला किती वीण होते? दृश्य: पावडीवरचा पाय, हलता धोटा.
प्रश्न: हातात काय पडतं? दृश्य: नाही. चेहराच.

तिसरी ओळ महत्त्वाची आहे. माणूस अडखळतो, डोळे खाली घालतो, तेव्हा साडी दाखवणं म्हणजे उत्तरच झाकणं. आणि पडवीतला माग? तो यादीत नव्हता. सहायकाने गप्पांच्या वेळीच वेळेसह टिपून ठेवायचं, 'पडवी, माग, कपडे', आणि मुलाखत संपल्यावर जाऊन तो घ्यायचा, कपडे न हलवता. असं प्रत्येक दृश्य कॅमेरा स्थिर ठेवून किमान दहा सेकंद घ्यावं. संकलकाला तीन-चार सेकंदांचे तुकडे त्यातूनच मिळतात. बोलताना माग बंद ठेवायचा आणि त्याची खटखट नंतर वेगळी ध्वनिमुद्रित करायची. बोलण्यात मिसळलेली खटखट पुढे नीट काढता येत नाही.

कॅमेरे तीन असतील तर एक दोघांवर, बाकीचे एकेकावर. तिन्ही दोघांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला हवेत, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघत बोलताहेत असं दिसतं. कॅमेरा एकच असेल तर मुलाखतकाराचे प्रश्न नंतर वेगळे चित्रित करतात. इथे लबाडीला वाव असतो. प्रश्न विचारला होता त्याच शब्दांत पुन्हा म्हणायला हवा. काका दुःखाचं बोलताना भलत्या वेळची हसरी मान तिथे चिकटवली, तर घडलं नाही ते दाखवल्यासारखं होतं. दोन वेगळी उत्तरं कटअवेखाली जोडून तिसराच अर्थ काढणं ही तर सरळ फसवणूक आहे.

मुलाखत जमली की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चित्रीकरण झाल्यावर संवाद उतरवून घ्या आणि मुलाखतकाराच्या प्रत्येक प्रश्नाखाली तपासा, पाहुण्याच्या आधीच्या उत्तरातला एखादा शब्द किंवा धागा त्यात आला आहे का. निम्म्या प्रश्नांतही तो सापडला नाही, तर ती मुलाखत झाली नाही. प्रश्नावली वाचून झाली.