चुकांची वही (भाषाध्ययन)

चुकांची वही म्हणजे परभाषा शिकताना स्वतःच्या लेखनात पुन्हा पुन्हा होणाऱ्या व्याकरणाच्या चुकांची विद्यार्थ्याने ठेवलेली नोंदवही होय. वर्गात न जाता एकट्याने भाषा शिकणाऱ्या प्रौढांना ती विशेष उपयोगी पडते, कारण त्यांच्या चुका दाखवून देणारे दुसरे कोणी नसते. येथे मराठी भाषकाने हिंदी शिकताना ठेवलेल्या वहीचे उदाहरण घेतले आहे. या दोन भाषा इतक्या जवळच्या आहेत की मराठी वळणाची चुकीची हिंदी वाक्ये लिहिणाऱ्याच्या कानाला खटकत नाहीत.

== कोणती चूक नोंदवावी ==

ब्रिटिश भाषाभ्यासक एस. पिट कॉर्डर यांनी 1967 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दोन प्रकारच्या चुकांमध्ये भेद केला. थकवा किंवा घाईमुळे होणारी चूक लिहिणाऱ्याला स्वतःलाच दुरुस्त करता येते. दुसऱ्या प्रकारची चूक त्याने मनात धरलेल्या नियमातूनच येते, म्हणून ती त्याला बरोबरच वाटते. वहीत दुसऱ्या प्रकारची चूक नोंदवायची असते. आपले लेखन दुसऱ्या दिवशी कोणताही आधार न घेता वाचावे. तेव्हा जे आपोआप सुधारले जाते ते वहीत घेऊ नये. हा नियम न पाळल्यास वही किरकोळ चुकांनी भरते आणि काही आठवड्यांत बंद पडते.

== चूक सापडावी कशी ==

बरोबर वाटणारी चूक एकट्याने शोधणे हीच खरी अडचण आहे. यासाठी दुहेरी अनुवादाची जुनी पद्धत वापरता येते. इंग्रज शिक्षक रॉजर ॲस्कम यांनी 1570 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात लॅटिन शिकण्यासाठी ती सांगितली आहे. हिंदीतील एक छापील परिच्छेद मराठीत उतरवावा, चार-पाच दिवसांनी केवळ त्या मराठीवरून तो पुन्हा हिंदीत लिहावा आणि मूळ परिच्छेदाशी ताडून पाहावा. शब्दनिवडीतील फरक सोडून द्यावेत. प्रत्यय, लिंग आणि क्रियापदाचे रूप यांतील फरक तपासावेत. शंका राहिल्यास कामताप्रसाद गुरु यांच्या ‘हिंदी व्याकरण’सारख्या ग्रंथात नियम पाहता येतो.

== नोंदीचे उदाहरण ==

समजा, ‘मी पुस्तक वाचले’ याचे हिंदी ‘मैं पुस्तक पढ़ा’ असे लिहिले गेले. मूळ वाक्य ‘मैंने पुस्तक पढ़ी’ असे आहे. येथे एका वाक्यात दोन चुका असल्यामुळे दोन नोंदी कराव्या लागतात. पहिली चूक ‘ने’ गळण्याची आहे. दुसरी लिंगाची आहे: ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. प्रत्येक नोंदीत चुकीचे वाक्य, शुद्ध वाक्य, वाक्याचा कर्ता आणि चुकीमागचा आपला अंदाज लिहावा.

यांपैकी कर्त्याचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण उलगडा बहुधा तिथेच होतो. समजा, महिनाभरात ‘ने’ गळण्याच्या नऊ नोंदी झाल्या. केवळ ‘भूतकाळात ने विसरतो’ असे लिहिले असते, तर पुढे काही कळले नसते. कर्ते पाहिल्यावर मात्र नऊही ठिकाणी ‘मैं’ किंवा ‘हम’ दिसतात आणि ‘उसने’ कुठेही चुकलेले नसते. कारण मराठीत ‘त्याने वाचले’ म्हणतात, परंतु ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना ‘ने’ लागत नाही. म्हणजे विद्यार्थ्याला नियम ठाऊक आहे. तो प्रथम आणि द्वितीय पुरुषाला लावण्याचेच तेवढे राहून जाते. सरावही तेवढ्याचाच करावा.

लिंगाच्या नोंदींतूनही असाच मनातला नियम उघड होतो. मराठी नपुंसकलिंगी शब्द हिंदीत पुल्लिंगी धरण्याची सवय ‘घर’ आणि ‘दूध’ यांच्या बाबतीत निभावते, पण ‘पुस्तक’ आणि ‘नाक’ या हिंदीतील स्त्रीलिंगी शब्दांपाशी फसते. ‘आवाज’ आणि ‘मजा’ यांच्या बाबतीत तर लिंगे थेट उलट आहेत: मराठीत मजा आली, हिंदीत ‘मजा आया’.

== मर्यादा ==

नोंदी थांबल्या म्हणजे चूक गेली असे नव्हे. विद्यार्थी ती रचनाच टाळत असू शकतो. म्हणून चुकांबरोबर ती रचना वापरण्याचे प्रसंगही मोजावेत. चार प्रसंगांत तीन चुका आणि वीस प्रसंगांत तीन चुका यांत मोठे अंतर आहे. एक चूक सुधारताना उलट दिशेची चूकही उद्भवते. ‘ने’ अंगवळणी पडल्यावर ‘मैंने पुस्तक लाई’ असे लिहिले जाते, परंतु ‘लाना’ सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही आणि शुद्ध वाक्य ‘मैं पुस्तक लाया’ असे होते. ही नवी चूक जुन्या नोंदीखालीच लिहावी, म्हणजे दोन्हींचा संबंध दिसत राहतो.

ऐकलेल्या हिंदीचा आधार सावधपणे घ्यावा लागतो. पूर्वेकडील हिंदी भाषकांच्या बोलण्यात ‘ने’ अनेकदा गळतो; प्रमाण लेखनात तो आवश्यक आहे.