‘सहावा हेअरकट फ्री’ सलूनला नेमका कितीला पडतो?

‘पाच हेअरकट करा, सहावा मोफत.’ सलूनच्या या कार्डाचा खरा खर्च किती? समजा, कटचा दर २०० रुपये आहे. ब्लेड, शाम्पू, टॉवेलची धुलाई यांचे २० रुपये आणि कारागिराचे ३० टक्के कमिशन, म्हणजे ६० रुपये वजा केले की मालकाकडे १२० रुपये उरतात.

मोफत कटलाही साहित्य आणि कमिशन लागतेच. त्यामुळे बुधवारी दुपारी खुर्ची रिकामी असताना तो ८० रुपयांना पडतो. रविवारी मात्र त्याच्यामुळे पैसे देणारा ग्राहक परत गेला, तर त्याचे १२० रुपयेही बुडतात आणि खर्च थेट २०० होतो. जो ग्राहक एरवीही पैसे देऊन आलाच असता, त्याच्याबाबतही हेच गणित.

रेफरलमध्ये दोघांनाही ५० रुपये सूट दिली आणि कमिशन पूर्ण दरावर दिले, तर नव्या ग्राहकाच्या पहिल्या कटमधून जेमतेम २० रुपये सुटतात. खरी कमाई तो पुन्हा आला तरच. म्हणून मोफत कट सोमवार ते शुक्रवारच ठेवावा आणि रेफरलमधून आलेल्यांपैकी किती जण परतले, हे वहीत टिपावे.