बसल्यावर उंच, उभा राहिला की बरोबरीचा : पायांच्या लांबीमुळे बीएमआय कुठे फसतो?

पांढुर्णा/सौसर : बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आपल्यापेक्षा चांगला उंच वाटतो. स्टँडवर दोघंही उतरले की मात्र खांद्याला खांदा लागतो. उंची सारखीच, फरक असतो तो वाटणीचा. एकाची उंची धडात जास्त, दुसऱ्याची पायांत. पांढुर्णा आणि सौसरच्या बाजारात कुणबी, पवार, गोंड, कोष्टी असे सगळेच समाज एकत्र वावरतात आणि एकाच घरातल्या दोन भावांतही हा फरक दिसतो.

ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. आरोग्य तपासणीत वजन आणि उंची घेऊन 'बीएमआय' काढतात आणि त्यावरून माणूस कुपोषित, ठीक की लठ्ठ ते ठरतं. त्या हिशोबात ही वाटणी धरलेलीच नसते. त्यामुळे तब्येतीने ठीक असलेली बाई कुपोषितांच्या यादीत जाऊ शकते आणि खरोखर खंगलेली बाई जेमतेम काठावर दिसते.

माप कसं घेतात?

डोक्यापासून बुडाच्या टेकापर्यंतच्या उंचीला 'बैठी उंची' म्हणतात. ती घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवलेलं एक कडक, सपाट स्टूल, भिंतीवर लावलेली मापपट्टी आणि डोक्यावर आडवी धरायला एक सपाट फळी, एवढं पुरे.

माणसाला स्टुलावर मागे सरकवून, पाठ ताठ आणि नजर समोर ठेवून बसवायचं. हात मांडीवर. जमिनीपासून डोक्याच्या टाळूपर्यंतचं माप घ्यायचं आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करायची. समजा फळी 121 सेंटिमीटरवर आली आणि स्टूल 45 सेंटिमीटरचं आहे, तर बैठी उंची 76 सेंटिमीटर. पूर्ण उंचीतून ती वजा केली की राहिलेली झाली पायांची लांबी.

आता बैठ्या उंचीला पूर्ण उंचीने भागायचं आणि 100 ने गुणायचं. 152 सेंटिमीटर उंचीच्या माणसाची बैठी उंची 76 असेल तर उत्तर येतं 50. म्हणजे अर्धी उंची धडाची, अर्धी पायांची. या आकड्याला मानववंशशास्त्रात 'कॉर्मिक निर्देशांक' म्हणतात. आकडा जितका मोठा तितके पाय आखूड, जितका लहान तितके पाय लांब.

देशोदेशी किती?

प्रौढांमध्ये हा आकडा साधारण 47 ते 54 च्या दरम्यान फिरतो. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी सगळ्यांत लांब पायांचे, त्यांची सरासरी 48 च्या आसपास. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या समाजांत तो 50-51, युरोपात 52 च्या आसपास, चीन-जपानकडे 53-54. भारतातले बहुतेक समाज आफ्रिका आणि युरोपच्या मध्ये कुठेतरी येतात. पण या सगळ्या सरासऱ्या आहेत. कुठल्याही एका गावात घरोघर माप घेतलं तर 49 वालाही सापडेल आणि 54 वालाही. म्हणून नुसत्या आकड्यावरून 'हा अमुक समाजाचा' असं सांगता येत नाही.

हा फरक येतो कुठून? दोन कारणं आहेत. पहिलं पिढ्यान्‌पिढ्यांचं. उष्ण हवेत राहणाऱ्या समाजांत हातपाय लांब आणि थंड प्रदेशात आखूड, असा एक ठोकळ कल दिसतो, कारण लांब हातपायांतून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते.

दुसरं कारण घरातलं आहे, लहानपणीच्या खाण्यापिण्याचं. जन्मलेल्या बाळाचं जवळपास दोन तृतीयांश अंग डोकं आणि धडच असतं. तिथून वयात येईपर्यंत पाय धडापेक्षा वेगाने वाढतात. याच वर्षांत पोटभर अन्न मिळालं नाही, सारखे जुलाब-ताप येत राहिले, तर कात्री जास्त करून पायांच्या वाढीला लागते. ब्रिटिश संशोधक इझाबेला लीच यांनी 1951 मध्येच हे मांडलं होतं.

याचा ठळक पुरावा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या माया समाजातून आला. बॅरी बोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातली माया मुलं आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या माया कुटुंबांतली मुलं यांची तुलना केली. रक्त एकच, पण 6 ते 12 वर्षांची अमेरिकेतली मुलं सरासरी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर उंच निघाली, आणि त्यातले जवळपास 7 सेंटिमीटर एकट्या पायांत होते. जपानमध्येही 1957 ते 1977 या वीस वर्षांत पोरांची जी उंची वाढली ती जवळपास सगळी पायांतच वाढली. म्हणजे आखूड पाय हे फक्त आईबापांकडून येत नाहीत, बालपणीच्या ताटातूनही येतात.

बीएमआय इथेच अडतो

किलोमधलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की झाला बीएमआय. प्रौढांसाठी 18.5 च्या खाली आला की कमी वजन किंवा दीर्घकाळची उपासमार समजतात.

यात गृहीत एकच, की उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर सारख्याच वजनाचा आहे. तसं नसतं. दोन्ही पाय मिळून उंचीचा जवळपास अर्धा भाग व्यापतात, पण वजनाचा त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांशच. बाकीचं वजन धड, डोकं आणि हातांत. त्यामुळे लांब पायांच्या माणसाची उंची वाढते, वजन त्या मानाने वाढत नाही आणि बीएमआय कमी दिसतो.

हा फरक किती पडतो, याचा हिशोब ब्रिटिश संशोधक निकोलस नॉर्गन यांनी 1990 च्या दशकात जगभरच्या समाजांच्या मापांवरून मांडला. निर्देशांक एका टक्क्याने बदलला तर बीएमआय साधारण 0.9 ने बदलतो. मध्य भारतातही असं काम झालेलं आहे. इथल्या 38 समाजांतल्या 11 हजारांहून अधिक प्रौढ पुरुषांची उंची, बैठी उंची आणि वजन यांचा अभ्यास 2006 मध्ये 'ह्यूमन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती मापं अखिल भारतीय मानवमिती सर्वेक्षणात घेतलेली होती.

दोन बायकांचा हिशोब

समजण्यासाठी दोन कल्पित बायका घेऊ. दोघींची उंची 150 सेंटिमीटर, दोघींचं वजन 41 किलो. 41 भागिले 2.25, म्हणजे दोघींचा बीएमआय 18.2. कागदावर दोघीही 18.5 च्या खाली, दोघीही एकाच यादीत.

आता स्टूल घेऊ. पहिलीची बैठी उंची 75 सेंटिमीटर, म्हणजे निर्देशांक 50. दुसरीची 79.5, म्हणजे 53. तुलनेसाठी 52 हा मधला आकडा धरला, तर पहिली त्यापेक्षा दोन टक्के खाली आहे. तिच्या बीएमआयमध्ये 1.8 मिळवायचे, तो होतो 20. दुसरी एक टक्का वर आहे, तिचे 0.9 वजा करायचे, उरतात 17.3.

म्हणजे पहिली बाई बारीक चणीची पण ठीक आहे, आणि दुसरीकडे लगेच लक्ष द्यायला हवं. तराजू आणि उंचीची पट्टी दोन्ही बरोबर असूनही हा फरक लपून राहिला होता.

हाच प्रकार उलट्या टोकालाही होतो. भारतीयांसाठी 23 च्या वर जादा वजन समजतात. लांब पायांच्या, पोट सुटलेल्या माणसाचा बीएमआय 22.5 आला तर तो निर्धास्त होतो. त्याचा निर्देशांक 50 असेल तर याच हिशोबाने तो 24.3 वर जातो. शुगर तपासून घ्यायची वेळ झालेली असते, पण आकडा सांगत नाही.

हिशोब कुठे चुकतो?

पहिली चूक मापाचीच. 150 सेंटिमीटरच्या माणसाची बैठी उंची एका सेंटिमीटरने चुकली तर निर्देशांक 0.67 ने हलतो आणि बीएमआयची दुरुस्ती 0.6 ने. हा एक सेंटिमीटर सहज जातो. कुणी पोक काढून बसतं, कुणाचा अंबाडा फळीखाली येतो, कुठे स्टुलावर गादी टाकलेली असते. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी पाठीचा कणा दबून उंचीही थोडी घटते. म्हणून माप दोनदा घ्यायचं. दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर माणसाला उठवून, पुन्हा नीट बसवून तिसऱ्यांदा घ्यायचं.

दुसरी अडचण अंगाची. बुडावर चरबी जास्त असेल तर माणूस तेवढा उंच बसतो आणि पाय आहेत त्यापेक्षा आखूड मोजले जातात. म्हाताऱ्या माणसाची पाठ वाकली की उलटं होतं, बैठी उंची घटते आणि पाय लांब वाटतात. या दोघांना हा आकडा लावून उपयोग नाही.

तिसरी मर्यादा सगळ्यांत मोठी. नॉर्गन यांचा 0.9 हा आकडा अनेक समाजांच्या सरासऱ्यांवरून आलेला आहे. दोन गावांची किंवा दोन समाजांची तुलना करायला तो चांगला, पण एकट्या माणसासाठी तो इशारा समजावा, निदान नव्हे. वरच्या पहिल्या बाईचं वजन गेल्या सहा महिन्यांत पाच किलोने उतरलं असेल, तर निर्देशांक काहीही सांगो, तिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

मग करायचं काय?

यावर एक सोपा तोडगा आहे, दंडाचा घेर. कोपर आणि खांद्याच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून, टेप न आवळता माप घ्यायचं. त्यात उंची येतच नाही, म्हणून पाय लांब की आखूड याने काही बिघडत नाही. दुष्काळ आणि युद्धाच्या भागात प्रौढांची तपासणी करणारी पथकं याच कारणाने दंडाच्या घेराकडे वळली. दक्षिण सुदानच्या डिंका लोकांसारखे लांब पायांचे समाज नुसत्या बीएमआयवर मोजले तर उपासमार आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

बीएमआय 17 ते 19 च्या काठावर आला, तर त्या माणसाचा दंड मोजावा आणि जमल्यास बैठी उंचीही घ्यावी. बीएमआय कमी पण दंड भरलेला आणि पाय लांब असतील तर घाबरायचं कारण कमी. बीएमआय 18.8 असूनही दंड बारीक आणि पाय आखूड असतील, तर कागदावर पास झालेल्या त्या माणसाची तपासणी पुढे न्यायला हवी.