दोन याद्या, तीन हिशेब

समजा, कुणी ‘कोकणातील कातळशिल्पे’ असं शोधलं आणि संग्रहात त्या विषयाशी थोडाफार संबंध असलेले पाच लेख निघाले. एकात सड्यांवरच्या चित्रांची सविस्तर पाहणी आहे. दोनांत कामाची माहिती आहे, पण ती अपुरी आहे. चौथ्यात प्रवासवर्णनाच्या ओघात एका ओळीचा उल्लेख आहे. पाचवा लेख नुसती कोकणातल्या हॉटेलांची जाहिरात आहे. परीक्षक त्यांना अनुक्रमे 3, 2, 2, 1 आणि 0 असे दर्जे देतात. आता एक शोधयंत्र हे लेख 3, 0, 1, 2, 2 या क्रमाने दाखवतं, तर दुसरं 2, 2, 3, 1, 0 या क्रमाने. यातलं चांगलं कोणतं?

‘पाचांपैकी किती उपयोगाचे’ एवढंच मोजलं तर दोघांना सारखेच गुण मिळतात, पाचांत चार. क्रम आणि दर्जा या दोन्ही गोष्टी त्या मोजणीला दिसतच नाहीत. शोधपद्धतींच्या चाचण्यांमध्ये बराच काळ अशीच होय-नाहीची पद्धत चालली. लेख एक तर विषयाचा, नाही तर विषयाबाहेरचा, आणि एका ओळीचा उल्लेखही ‘विषयाचा’ याच खात्यात जमा व्हायचा.

या खात्यात किती भरताड आहे, हे फिनलंडमधल्या ताम्पेरे विद्यापीठात उघड झालं. अमेरिकेतल्या ट्रेक या चाचणी-उपक्रमातले काही निकाल तिथल्या एएरो सोर्मुनेन यांनी चार दर्जांत पुन्हा तपासून घेतले. विषयाच्या वर्णनात आहे त्यापलीकडे काहीच न सांगणारा लेख ‘जेमतेम’, आणि विषयाचा सांगोपांग विचार करणारा लेख ‘अत्यंत उपयुक्त’. आधी उपयुक्त ठरवलेल्या लेखांपैकी सुमारे निम्मे या नव्या तपासणीत ‘जेमतेम’ निघाले. याच विद्यापीठातले कालेर्व्हो यार्वेलिन आणि याना केकेलायनेन यांनी 2000 साली अथेन्सच्या परिषदेत दर्जा आणि क्रम दोन्ही जमेस धरणारं माप मांडलं, आणि 2002 मध्ये ते विस्ताराने प्रसिद्ध केलं. आज ते एनडीसीजी या आद्याक्षरांनी ओळखलं जातं.

त्यामागची कल्पना साधी आहे. प्रत्येक लेखाचा दर्जा म्हणजे वाचकाला होणारा लाभ. लेख जितका खाली, तितकी त्याच्या लाभात वजावट, कारण तिथपर्यंत पोचायला वाचकाला वेळ आणि श्रम घालवावे लागतात. सगळे उरलेले लाभ जोडायचे आणि त्या बेरजेला सर्वांत चांगल्या क्रमाने मिळाली असती त्या बेरजेने भागायचं. उत्तर 0 ते 1 यांच्या दरम्यान येतं. सध्या सर्वाधिक वापरात असलेली वजावट अशी: i या क्रमांकावरचा लाभ `log2(i+1)` ने भागायचा. पहिल्या जागेचा भाजक 1, तिसरीचा 2, सातवीचा 3. म्हणजे तिसऱ्या जागी लाभ निम्मा होतो आणि सातव्या जागी एक तृतीयांश. सुरुवातीला घसरण तीव्र असते, पुढे ती मंदावत जाते.

कातळशिल्पांच्या याद्यांना हे लावू. आदर्श क्रमाची (3, 2, 2, 1, 0) बेरीज 5.69 येते. पहिल्या यंत्राची 5.14 आणि दुसऱ्याची 5.19. भागाकार केल्यावर पहिल्याला 0.902 आणि दुसऱ्याला 0.912. दुसरं यंत्र निसटतं पुढे.

पण इथे दर्जा हाच लाभ धरला आहे. 2005 साली मायक्रोसॉफ्टमधल्या ख्रिस बर्जेस आणि सहकाऱ्यांनी रँकनेट ही क्रम शिकणारी पद्धत मांडताना लाभासाठी `2^दर्जा − 1` हे रूप वापरलं. त्यात 1, 2, 3 या दर्जांचे लाभ 1, 3 आणि 7 होतात. उत्कृष्ट लेख मध्यम लेखाच्या दीडपट न राहता दुपटीहून मोठा होतो. त्याच दोन याद्या या हिशेबाने मोजल्या की पहिल्या यंत्राला 0.920 मिळतात आणि दुसरं 0.815 वर घसरतं. यादीतला एकही लेख हललेला नाही, तरी निकाल फिरला.

ताम्पेरेच्या मूळ सूत्रात तर तिसराच निकाल दडलेला आहे. त्यात लॉगॅरिदमचा पाया जितका, त्या क्रमांकापर्यंत वजावटच नव्हती. पाया 2 म्हणजे अधीर वाचक, 10 म्हणजे चिकाटीचा, अशी ती मोकळीक होती. पण पाया 2 घेतला की पहिली आणि दुसरी जागा एकाच मोलाची होते, तिथल्या लेखांची अदलाबदल केली तरी गुण तेच. त्या सूत्राने पहिल्या यंत्राला 0.812 आणि दुसऱ्याला 0.945. पहिल्या यंत्राने दुसऱ्या जागी जाहिरात बसवली होती, त्याची ही पुरेपूर शिक्षा.

मग खरं कोण? ज्याला एकच उत्तम लेख हवा आहे त्याला पहिलं यंत्र बरं, ज्याला चार लेख चाळायचे आहेत त्याला दुसरं. वाचक कसा आहे हे सूत्र शोधून काढत नाही. ते मोजणारा आधीच गृहीत धरून सूत्रात घालतो. म्हणून नुसतं ‘एनडीसीजी 0.91’ असं लिहिलेला अहवाल अपुरा समजावा. अडचण अशी की गणनेची साधनंही आपापल्या वाटेने जातात. `scikit-learn` मधलं `ndcg_score` दर्जालाच लाभ मानतं, तर `LightGBM` मुळात 0, 1, 3, 7 ही चढती मांडणी धरून चालतं.

या मापाची दुसरी खोच भाजकात आहे. समजा, तिसऱ्या यंत्राने पाच जागांत एका ओळीच्या उल्लेखाचा लेख पहिला दिला आणि बाकीचे चार संग्रहातले अगदीच परके. आदर्श बेरीज परीक्षकांनी तपासलेल्या सगळ्या लेखांवरून काढली तर त्याला 0.18 मिळतात. पण कुणी आदर्श क्रम यंत्राने आणलेल्या यादीतूनच लावला, तर 1, 0, 0, 0, 0 यापेक्षा चांगला क्रम त्या पाच लेखांतून होऊच शकत नाही, आणि यंत्राला पैकीच्या पैकी गुण मिळतात! ही चूक प्रोग्राममध्ये सहज शिरते, कारण हातात असलेली यादी उतरत्या क्रमाने लावणं फार सोपं असतं. कमी उपयुक्त लेख आणणाऱ्या यंत्रालाही संशयास्पदरीत्या उंच गुण मिळू लागले, की आधी भाजक तपासावा.

उंच आकडा म्हणजे मोठं यश, असंही नाही. आपले पाच लेख शक्य तितक्या वाईट क्रमाने, म्हणजे 0, 1, 2, 2, 3 असे लावले तरी पहिल्या हिशेबाने 0.64 मिळतातच. 2013 साली यिनिंग वांग आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की लॉगॅरिदमची वजावट ठेवून, यादी मध्येच न तोडता लेखांची संख्या वाढवत नेली, तर जवळजवळ कोणत्याही क्रमपद्धतीचं हे माप 1 कडे सरकतं. मात्र दोन पद्धतींमधला सरस-निरस फरक ते तरीही ओळखत राहतं, हेही त्याच लेखात दाखवलं आहे. प्रत्यक्षात यादी पहिल्या 5 किंवा 10 जागांवर तोडतात. तेव्हा आदर्श बेरीजही तितक्याच जागांची घ्यायची असते.

आणि ज्या प्रश्नाला संग्रहात उत्तरच नाही, त्याचं काय? आदर्श बेरीज शून्य, म्हणजे भागाकारच होत नाही. `scikit-learn` अशा प्रश्नाला 0 देतं, `LightGBM` 1 देतं, आणि काही संशोधक तो प्रश्न सरासरीतून वगळतात. शंभर प्रश्नांपैकी वीस असे असतील आणि उरलेल्या ऐंशींची सरासरी 0.60 असेल, तर तेच यंत्र एका अहवालात 0.48, दुसऱ्यात 0.68 आणि तिसऱ्यात 0.60 दाखवेल.