आंबा बाधतो की आमरस-पुरी?

आत्याला शुगर निघाली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आंबा बंद. पण गेल्या मे महिन्यात एका रविवारी राहवेना, आणि दोन वाट्या आमरसासोबत पाच पुऱ्या झाल्या. दोन तासांनी मीटरवर आकडा आला २३८. "बघ, आंबा बाधतोच मला," ती म्हणाली.

मला पटेना. शंभर ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि मध्यम हापूसमधून दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो. म्हणजे अर्ध्या आंब्यात जेमतेम ११ ग्रॅम, एका लहान फुलक्याहून कमीच. दोन वाट्या रसात मात्र तीन आंबे सहज जिरतात. त्यात वरून घातलेली साखर, शिवाय पुऱ्या.

पुढच्या आठवड्यात तिने अर्धा आंबा फोडी करून खाल्ला. तोही जेवणावर नाही, दुपारी साडेचारला, चहा-बिस्किटाऐवजी. आधी १२१, दोन तासांनी १५६. साधारणपणे हा आकडा १८० च्या आत असला तर डॉक्टर समाधानी असतात. एका दिवसावर भरवसा नको म्हणून आणखी दोनदा मोजलं, फार फरक पडला नाही. जेवणाबरोबरच फळ हवं असेल, तर एक पोळी कमी करायची. पोटभर जेवून वर फळ, हीच खरी गफलत.

सगळ्या फळांना मात्र एकच माप लावता येत नाही. पेरू चावून खावा लागतो, त्यात चोथा भरपूर, म्हणून साखर सावकाश चढते; एक मध्यम पेरू खुशाल खावा. सफरचंद, पपई, संत्रंही सोसतं. चिकू, सीताफळ आणि काळे ठिपके पडलेलं पिकलं केळं यांत थोडक्यात बरीच साखर असते, तेव्हा चिकू एकच, केळं अर्धं. द्राक्षं घडातून तोडत बसलं की मोजदाद राहत नाही. दहा-पंधरा वाटीत काढून घड फ्रिजमध्ये ठेवावा. कलिंगडाची साखर चढते झपाट्याने, पण त्यात बहुतेक पाणीच, म्हणून एक वाटी चालते.

रस काढला की सगळं बिघडतं. एका पेल्यात तीन-चार मोसंबी जातात, चोथा गाळणीत राहतो आणि उरलेलं साखरपाणी भराभर रक्तात उतरतं. एकच अपवाद: शुगर ७० च्या खाली जाऊन घाम सुटला, हात थरथरू लागले, तर हाच अर्धा पेला रस औषधासारखा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे फळांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

आत्याचा यंदाचा प्रश्न वेगळाच होता: "फोडी मोजल्या, पण कोय?" कोयीला बराच गर राहतो. शेवटी ठरलं, कोय चोखायची असेल त्या दिवशी एक फोड कमी.